साडेसहाचा शो, साडेदहाची डेडलाइन!

तिकिटावर छापलेली वेळ ही सिनेमा सुरू होण्याची नसते, दिवे मंदावण्याची असते. आणि ज्यांची संध्याकाळ मोजूनमापून मिळालेली असते, त्यांचं गणित नेमकं इथंच चुकतं.

माझ्या एका मैत्रिणीचंच उदाहरण घ्या. २०१९ चा एप्रिल, गाजत असलेला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’, साडेसहाचा शो आणि बाळाला सांभाळणाऱ्या मावशी साडेदहाला निघणार म्हणजे निघणार! सिनेमाची लांबी १८१ मिनिटं. वरवर पाहिलं तर साडेनऊला मोकळं. पण आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो.

पहिला फंडा: त्याच स्क्रीनचा आधीचा शो बघा. तो २.४० चा होता, म्हणजे दोन शोंमध्ये २३० मिनिटं. त्यातून १८१ वजा केली की उरतात ४९. इंटरव्हलची पंधरा आणि साफसफाईची पंधरा काढा. राहिली ती एकोणीस मिनिटं जाहिराती, ट्रेलर, तंबाखूविरोधी सूचना आणि राष्ट्रगीताची. मात्र स्क्रीनचा नंबर तोच आहे ना, हे तपासा. दोन स्क्रीनच्या वेळा एकत्र केल्या की हिशेब कोलमडतो.

म्हणजे सिनेमा ६.४९ ला सुरू आणि दिवे लागणार १०.०५ ला. त्यापुढे लिफ्ट-पार्किंगची दहा मिनिटं आणि घरापर्यंतची वीस. घरी पोचायला १०.३५. पाच मिनिटं उशीर!

ही पाच मिनिटं वाचतात शेवटच्या श्रेयनामावलीत. १८१ मिनिटांत तीही धरलेली असते आणि इफेक्ट्सवाल्या सिनेमात ती सहज दहा मिनिटं चालते. मार्व्हलच्या सिनेमांत नावांनंतर एखादा सीन येतो म्हणून लोक खुर्चीला चिकटून बसतात. ‘एंडगेम’मध्ये मात्र तसा सीन नाही; अगदी शेवटी फक्त हातोड्याचे ठोके ऐकू येतात. नावं सुरू होताच उठलं की साडेदहाच्या आत घर.

मग सुरुवातीची मिनिटं का नाही वाचवायची? जाहिरातींच्या भरवशावर उशिरा जाणं तसं सोपं वाटतं. पण जुन्या हिंदी सिनेमात आधी नावं यायची, तशी सवलत इथं नाही. ‘एंडगेम’मध्ये मार्व्हलचा लोगो येण्याआधीच हॉकआयचं अख्खं कुटुंब नाहीसं होतं. लोगो दिसल्यावर आत शिरणाऱ्याचा तो सीन गेलाच. शिवाय जाहिराती प्रत्येक शोला तेवढ्याच असतील असं नाही.

म्हणून आमचा नियम साधा आहे. काटछाट करायची ती शेवटातून, तीही नावांनंतर सीन नाही याची आधी खात्री करून. सुरुवातीला हात लावायचा नाही. मैत्रीण १०.२५ ला घरी होती, मावशी चपला घालत होत्या!