रेषेला गाठ का बसते?

नकाशावर गाडीचा मार्ग रेखाटायचा असो वा ॲनिमेशनमधला कॅमेरा फिरवायचा असो, संगणकाला मोजके बिंदू दिले जातात आणि त्या सगळ्यांतून जाणारी गुळगुळीत रेषा, म्हणजेच स्प्लाइन, तो काढतो. एडविन कॅटमल आणि राफाएल रोम यांनी १९७४ साली मांडलेली पद्धत यासाठी सर्रास वापरतात. मात्र काही बिंदू जवळजवळ आणि काही लांब असले, की याच रेषेला कधी पोट सुटतं, तर कधी चक्क गाठ बसते.

गोम असते वेळापत्रकात. बिंदू म्हणजे एसटीचे थांबे मानले, तर दोन थांब्यांमध्ये किती वेळ द्यायचा, हे आधी ठरवावं लागतं.

उदाहरणार्थ (०,१०), (१०,०), (११,०) आणि (२१,१०) हे चार बिंदू घ्या. दोन्ही बाजूंना १४ एककांचे उतार आणि मध्ये जेमतेम एक एकक रुंद तळ, अशी ही दरी आहे. प्रत्येक टप्प्याला सारखाच वेळ दिला, तर उतारावरचा वेग घेऊन आलेली रेषा तळाच्या त्या छोट्या टप्प्यात आवरत नाही. ती सव्वा एकक खाली घसरते, मध्येच मागे वळते आणि स्वतःलाच छेदते. एका एककाच्या तळाखाली सव्वा एककाचं लोंबकळणं!

मग अंतराच्या प्रमाणात वेळ द्यावा, हे ओघानं आलंच. तसं केल्यावर गाठ सुटते आणि तळ जवळपास सपाट होतो. पण दुखणं दुसरीकडे सरकतं. माथ्यावरही असेच जोडबिंदू असतील, तर लांब उतारावरची रेषा सरळ मार्गापासून सुमारे ०.९ एकक बाहेर फुगते.

ई. टी. वाय. ली यांनी १९८९ मध्ये यातला मधला मार्ग सुचवला. वेळ अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात द्यायचा. याच दरीत तळाखालची घसरण ०.१४ वर येते आणि उतारावरचा फुगवटा ०.२ वर. कॅटमल-रोम रेषेत कुठल्याही एका टप्प्याच्या आत गाठ किंवा टोक येणार नाही, याची हमी फक्त वर्गमुळाचा नियम देतो, हे पुढे जेम युक्सेल आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. D3 मध्ये `alpha` मुळातच 0.5 असतो, तो याच नियमासाठी; 0 दिला तर समान वेळ, 1 दिला तर अंतराइतका.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. एकाच जागी दोन बिंदू आले, तर अंतर शून्य होतं आणि भागाकार अडतो. असा दुबार बिंदू आधीच काढून टाकावा. शिवाय ही हमी गाठीपुरती आहे, घसरणीची नाही. ते ०.१४ उरतंच. पावसाच्या आलेखात रेषा शून्याखाली गेली तर हसं होईल. तिथे वर्गमुळाचा नियमही नको, D3 मधली `curveMonotoneX` वापरावी.