मिनरल फाउंडेशन: चेहऱ्यावर तेल सुटल्यानंतरची गोष्ट

मिनरल पावडर फाउंडेशन घ्यायच्या विचारात असाल, तर आधी एक छोटा प्रयोग करून पाहा. मनगटाच्या आतल्या बाजूला चिमूटभर पावडर बोटाने नीट चोळून बसवा आणि तिच्या अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचा अगदी छोटा थेंब पसरा. तेल लागलेला भाग लगेच एक-दोन शेड गडद होतो, किंचित नारिंगी दिसू लागतो आणि त्याखालची त्वचाही जास्त डोकावते. कोरडा भाग मात्र होता तसाच राहतो. दुपारी तीन वाजता तुमच्या नाकावर आणि कपाळावर जे होणार आहे, ते तुम्हाला आत्ताच दिसलेलं असतं.

असं का होतं, हे या पावडरीत काय असतं ते पाहिलं की कळतं. डब्यामागची यादी सहसा छोटी असते: अभ्रक, झिंक ऑक्साइड, टायटेनियम डायऑक्साइड आणि रंगासाठी लोहाची लाल, पिवळी आणि काळी ऑक्साइडं. आपल्या वर्णाची शेड या तिन्ही रंगांच्या कमीजास्त प्रमाणातून तयार होते.

अभ्रकाचे पापुद्रे सुटतात हे आपण शाळेत पाहिलेलं असतं. दळल्यावरही त्याचे कण चपटेच राहतात. हे चपटे कण त्वचेवर आडवे पसरतात, एकमेकांवरून घसरतात आणि म्हणून ब्रश फिरवताना पावडर रेशमासारखी मऊ लागते. प्रत्येक कण थोडा प्रकाश परतवतो, बराचसा आरपार जाऊ देतो. त्यामुळे अभ्रक डाग लपवत नाही, ते प्रकाश विखरून डागाची कड पुसट करतं. कण बारीक असेल तर चेहऱ्यावर मंद तजेला येतो. कण मोठा असेल तर सरळ चमक दिसते, आणि ती चमक उघड्या रंध्रांवर आणि सुरकुत्यांवर नेमकी उठून दिसते. उन्हात हात धरून पाहिल्यावर वेगवेगळे ठिपके लुकलुकताना दिसले, तर ती पावडर रोजच्या वापराची नाही.

झाकण्याचं काम झिंक आणि टायटेनियमच्या पांढऱ्या ऑक्साइडांचं. एखादा कण किती झाकतो हे त्याच्या आणि त्याच्या भोवतालच्या पदार्थाच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरतं. हवेचा अंक १, त्वचेच्या तेलाचा साधारण १.५, अभ्रकाचा १.६च्या जवळपास, झिंक ऑक्साइडचा २ आणि टायटेनियम डायऑक्साइडचा २.५च्या वर. सकाळी पावडर लावता तेव्हा कणांच्या भोवती हवा असते, फरक मोठा असतो, प्रकाश भरपूर विखुरतो आणि चेहरा एकसारखा दिसतो. दुपारपर्यंत त्या हवेची जागा तेल घेतं. फरक घटतो, अभ्रक जवळजवळ दिसेनासं होतं, झिंकही निम्म्यावर येतं आणि लोहाचे रंग गडद होऊन वर येतात. ओल्या कापडाचा रंग गडद दिसतो, त्यामागचं कारणही हेच. दुकानात याला ‘फाउंडेशन ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात, पण लाल आणि पिवळी लोह ऑक्साइडं आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेली असतात. ती फक्त तेलात भिजलेली असतात.

लिक्विड फाउंडेशनमध्येही रंगद्रव्यं बहुतेक हीच असतात. फरक असा की तिथे ती बाटलीतच पाणी, सिलिकोन किंवा तेलात भिजवलेली असतात, आणि त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारे घटक सोबत असतात. त्यामुळे लिक्विडचा रंग दिवसभरात कमी बदलतो आणि ते गडद डागही जास्त झाकतं. उलट पाणी आलं की त्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावे लागतात. कोरड्या पावडरीला त्यांची गरज फारशी पडत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह किंवा सुगंधाने ज्यांचा चेहरा लाल होतो, त्यांच्यासाठी हा फायदा खरा आहे.

मग पावडर कुणी वापरावी? तेलकट किंवा मिश्र त्वचेला ती मानवते, पण त्यात एक अट आहे. झिंक ऑक्साइड थोडं तेल शोषतं आणि त्वचेला शांत करतं. घामोळ्यांवर लावायच्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्येही मुख्यतः तेच असतं. मुरुमांवर चिडचिड असलेल्या चेहऱ्याला ते म्हणूनच जड वाटत नाही, मात्र मुरुम बरे करायचं काम त्याच्याकडून होत नाही. अट अशी की तेल टिपत राहायला हवं. मुंबईच्या मे महिन्यात सकाळी आठला लावलेली पावडर अकरापर्यंत नाकाच्या कडेला भिजते. तिथे तशीच दुसरी पावडर थापली की ओल्या-कोरड्याचे ठिपके पडतात. आधी टिपकागद दाबायचा, मग ब्रशवर उरलेली पावडर हलकेच फिरवायची. शेडही दुकानातल्या दिव्याखाली लगेच ठरवू नये. जबड्यावर लावावी, तीन तास हिंडावं आणि मग खिडकीपाशी आरसा धरावा. तेलकट त्वचेच्या बाईने सहसा मनात भरलेल्या शेडपेक्षा थोडी उजळ घ्यावी. पण सावळ्या वर्णावर पांढऱ्या ऑक्साइडांचं प्रमाण जास्त झालं, तर चेहरा राखाडी पडतो आणि फ्लॅशच्या फोटोत तर पांढराफटक येतो. तिथे अभ्रक जास्त आणि पांढरी ऑक्साइडं कमी असलेली पावडर शोधावी, किंवा लिक्विड घ्यावं.

कोरड्या त्वचेचं गणित उलटं आहे. तेल सुटत नाही म्हणून रंग बदलत नाही, पण पावडर सुटणाऱ्या सालीला आणि डोळ्यांखालच्या रेघांना चिकटते. पुण्याच्या डिसेंबरात ज्यांचे गाल ओढल्यासारखे होतात, त्यांनी लिक्विडच निवडावं. पावडरच हवी असेल तर मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबावं, पाव चमच्याहूनही कमी पावडर झाकणात घ्यावी, दाट ब्रश त्यात फिरवून झटकावा आणि पातळ थर गोलाकार घासत बसवावा. मॉइश्चरायझर ओलं असतानाच पावडर लावली, तर तिथे गडद चट्टा पडतो आणि तो निघत नाही. वांग किंवा खोल डाग झाकायचे असतील तर नुसत्या पावडरीने भागणार नाही.

काही जुन्या लोकप्रिय पावडरींत बिस्मथ ऑक्सिक्लोराइडही असतं. ते मोत्यासारखी चमक देतं, पण घाम आल्यावर काहींना त्याने चांगलीच खाज सुटते. ‘मिनरल’ पावडरीने खाज सुटली तर आधी यादीत हे नाव पाहा. दमा असलेल्यांनी सुट्टी पावडर टाळून दाबलेली वडी किंवा लिक्विड घ्यावं, कारण ब्रश झटकताना उडालेली धूळ श्वासातच जाते.

डब्यावर एसपीएफ १५ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो. चेहरा साधारण ५०० चौरस सेंटिमीटर धरला तर एका वेळेला १ ग्रॅम पावडर लागेल. म्हणजे ८ ग्रॅमचा डबा आठ दिवसांत संपायला हवा, आणि तो तर महिनोन्‌महिने पुरतो. सनस्क्रीन खाली वेगळं लावावंच लागतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. अभ्रकाचा मोठा पुरवठा झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह भागातून होतो, आणि तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात. २०१७मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था त्यावर काम करण्यासाठी सुरू झाली. यादीत ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ दिसलं तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक असतं. नैसर्गिक अभ्रक असेल तर ते कोणत्या खाणीतून येतं, हे कंपनीला ईमेल करून विचारता येतं.