व्ही दातांचा, डब्ल्यू ओठांचा

चेहऱ्यावरच्या झिरझिरीत पडद्याचा इंग्रजी शब्द मराठीत लिहायचा झाला, तर आपण ‘व्हेल’ लिहितो. समुद्रातला देवमासाही ‘व्हेल’च. इंग्रजीत मात्र पडद्याची सुरुवात व्ही या अक्षराने होते आणि माशाची डब्ल्यूने. हे दोन उच्चार तिथे एकमेकांपासून लांब आहेत.

आपला ‘व’ या दोघांच्या मधोमध बसतो. ‘वारा’ म्हणून बघा. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. ओठांचा चंबूही होत नाही. इंग्रजीला नेमकं घासणं किंवा चंबू, दोन्हींपैकी एक स्पष्ट हवं असतं. व्हीसाठी आपण लिपीत ‘व्ह’ लिहायला लागलो, व्हॅन, टीव्ही वगैरे, ही सोय चांगली आहे. पण त्यातला ‘ह’ वाचून लोक श्वासाचा झोत सोडतात, आणि व्हीमध्ये तो मुळीच नाही. शिवाय व्हील, व्हाइट या शब्दांतही आपण ‘व्ह’ लिहितो, तिथे उच्चार सहसा डब्ल्यूचाच असतो. म्हणून मराठी लिखाणावर विसंबू नका, इंग्रजी स्पेलिंग बघा.

व्हीसाठी खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना हलकेच टेकवा आणि आधी फक्त हवा सोडा: ‘फॅन’ची सुरुवात होईल. ओठ तसाच ठेवून गळ्यातून आवाज काढा. गळ्यावर ठेवलेल्या बोटाला थरथर जाणवली, ओठाला गुदगुल्या झाल्या, की ‘व्हॅन’ची सुरुवात जमली. जीभ इथे निवांत असते. ओठ फार घट्ट दाबला तर हवा अडते आणि ऐकणाऱ्याला ‘बॅन’ ऐकू येतं.

डब्ल्यूला दातांचं काम नाही. ‘ऊ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करा. जिभेचा मागचा भाग आपोआप टाळूकडे उचलला जातो. तिथून झटकन पुढच्या स्वरावर या: ‘ऊ-आइन’, मग जलद ‘वाइन’. आरशात या वेळी वरचे दात दिसता कामा नयेत.

आता द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू, व्हाइन आणि वाइन, आलटून पालटून म्हणा. सुरुवातीचा ध्वनी लांबवून बघा: व्ही घासत राहतो, डब्ल्यू लांबवला की नुसता ‘ऊ’ उरतो. मग घरातल्या कुणाला तरी पाठमोरं बसवून दोन्हींपैकी एक शब्द म्हणा आणि कुठला ऐकला ते विचारा. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं, की व्हेस्ट-वेस्ट, म्हणजे बंडी आणि पश्चिम, ही जोडी घ्या. एकटा व्ही घोटत बसलात तर वाइनमध्येही दात घुसतात, म्हणून जोडी सोडू नका. शेवटी ‘व्हेरी वेल’ म्हणा. एकाच दमात दातांवरून चंबूवर जाणं तिथे सगळ्यात अवघड असतं.