कोजागरीपर्यंत कळवा

मिठाईच्या छोट्या दुकानाच्या दिवाळी संदेशात शुभेच्छा असतात, भाव असतात. ऑर्डरची शेवटची तारीख मात्र पुष्कळदा राहून जाते. खरं तर तीच सर्वांत महत्त्वाची. अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, मग गूळ मिसळून पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. पीठ कच्चं राहिलं तर अनारसा तुपात विरघळतो आणि जाळी पडत नाही. म्हणून अनारशांची तारीख बाकी फराळाच्या आधीच हवी. कोजागरी ते वसुबारस साधारण बारा दिवस मिळतात, तेवढे पुरतात.

संदेश असा लिहिता येईल:

‘नमस्कार! तुमच्या घरी दिवाळी आनंदाची जावो. अनारशांची ऑर्डर कोजागरीपर्यंत द्या, चकली, शेव आणि करंजीची वसुबारसेच्या चार दिवस आधीपर्यंत. करंजी तुपातली, चकली शेंगदाणा तेलातली. भाव किलोचा, डब्याचं वजन सोडून. निम्मी रक्कम आगाऊ. फराळ वसुबारसेपासून सकाळी 9 ते रात्री 8 दुकानातून न्यावा.’

तिथीशेजारी इंग्रजी तारीखही लिहा. प्रत्येक घरात कालनिर्णय हाताशी असतंच असं नाही.