नागमोडी की कुरळे?

केस कोणते आहेत हे विंचरलेल्या केसांवरून कधीच ठरवू नये. कंगवा प्रत्येक वळण मोडतो. केस धुवा, तेल-क्रीम काही न लावता, हात न लावता वाळू द्या. मग मानेजवळची एक बट बघा. ती सपाट राहून डावी-उजवीकडे वळत खाली येत असेल, तर केस नागमोडी. स्वतःभोवती गोल फिरून बोट शिरेल असं वेटोळं करत असेल, तर कुरळे. एकाच डोक्यावर दोन्ही सापडतात, म्हणून कानामागची आणि टाळूवरचीही बट तपासा.

हा फरक कात्रीखाली कळतो. समजा, कुरळी बट ओली असताना २० सेंटिमीटर आहे आणि वाळून १४ होते. कपाळावरची झुलपं ओली असताना भुवयांपर्यंत कापली, तर वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर चढतात. म्हणून कुरळे केस कोरडे असताना, बटेबटेने कापणारा कारागीर शोधावा. नागमोडी केस फार आखडत नाहीत, ते ओले कापले तरी चालतात. मात्र लांबी वाढली की वजनाने टाळूजवळची लाट सपाट होते. तिथे थोडे थर हवेत.

वाळवताना टॉवेलने खसाखसा पुसू नका, पंच्याने दाबून पाणी टिपा. ड्रायरला डिफ्यूझर लावून मंद हवेवर कुरळ्या बटा त्यात अलगद ठेवाव्यात. नागमोडी केसांना जड क्रीम नको; ओले असतानाच टोकाकडून वर मुठीत दाबावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.