काकू, तारीख कोणती धरलीत?

मे महिना जवळ आला की केटररच्या फोनवर असे निरोप येऊ लागतात : 'नमस्कार. आमच्याकडे मुंज आहे. जेवणाचं कसं काय पडेल?' तारीख नाही, माणसं किती ते नाही, ताटात काय हवं तेही नाही. घाईतला माणूस लगेच एक दर कळवून टाकतो आणि पुढे तोच आकडा त्याच्या गळ्यात पडतो. मुरलेला केटरर मात्र काहीसं असं लिहितो :

'नमस्कार काकू. बटूला आशीर्वाद! आधी तारीख सांगा, त्या दिवशी आचारी मोकळे आहेत का ते बघतो. पानं अंदाजे किती? शंभरच्या आत की दीडशेच्या वर? पंगत की बुफे? आणि गोडाचं काय मनात आहे? बाकी मेनू भेटून ठरवू. पक्का आकडा चार दिवस आधी दिलात तरी चालेल.'

चारच प्रश्न, पण क्रम बघा. तारीख पहिली, कारण मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांनाच तेच आचारी आणि तेच वाढपी हवे असतात. ती जमत नसेल तर पुढचं बोलणं फुकट. शिवाय तारखेवरून पंचांग बघता येतं. एकादशी निघाली तर उपासाची माणसं धरून साबुदाण्याची खिचडी वेगळी टाकावी लागते.

माणसांचा नुसता अंदाज का पुरतो? समजा, टेम्पो, भांडी आणि माणसांची मजुरी मिळून बारा हजार खर्च आहे. साठ पानांवर तो दोनशे रुपये पडतो, दीडशे पानांवर ऐंशीच. म्हणून पानामागचा दर आधी सांगता येत नाही. साठाची पासष्ट झाली तर मात्र फारसं बिघडत नाही.

गोडाचा प्रश्न हौसेचा वाटतो, पण खरी मेख तिथेच आहे. काकूंचं उत्तर आलं, 'ऐंशी माणसं, पुरणपोळी हवीच.' माणशी दोन धरल्या तर एकशे साठ, वर वीस जास्तीच्या. एक पोळी तव्यावर दोन मिनिटं घेते, म्हणजे एका तव्यावर सहा तास. पहिली पंगत साडेबाराला बसवायची तर तीन तवे, तीन लाटणाऱ्या बायका आणि साडेदहाला पेटलेल्या शेगड्या हव्यात. श्रीखंड-पुरी असती तर पुऱ्या एका मोठ्या कढईत भराभर निघाल्या असत्या.

मग केटररने दोन दर कळवले, एक पुरणपोळीचा, एक श्रीखंडाचा, आणि खाली लिहिलं : 'काकू, पोळीच करायची असेल तर बुफे नको, पंगतच ठेवा. बुफेत माणसं एकदम येतात, पोळीसाठी रांग लागते. पंगतीत वाढप्याला तव्याच्या बेताने वाढता येतं.'

काकूंनी पंगत ठेवली.