आरोग्यविम्याचा दावा का नाकारला जातो?

धर्मग्रामातील एक ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत असे समजू. त्यांनी १ जून २०२४ रोजी ५ लाख रुपयांची आरोग्यविमा पॉलिसी घेतली. अर्ज एजंटाने भरला, गृहस्थांनी केवळ सही केली. मधुमेह ८ वर्षांपासूनचा असूनही त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली आणि कंपनीने दावा नाकारला. ‘पहिले ३० दिवस सोडून सर्व काही मिळते’ अशी त्यांची समजूत होती.

वस्तुतः प्रतीक्षाकाळ तीन प्रकारचे असतात. पहिला ३० दिवसांचा असून तो अपघाताला लागू नसतो. दुसरा ठरावीक आजारांचा असतो. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघेबदल यांची यादीच पॉलिसीत छापलेली असते व त्यांच्यासाठी बहुधा २४ महिने थांबावे लागते. आपल्या गृहस्थांचा तर पंधरावा महिनाच चालू होता. तिसरा प्रतीक्षाकाळ पॉलिसीपूर्वी असलेल्या आजारांचा होय. एप्रिल २०२४ पासून नियामक प्राधिकरणाने त्याची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली आहे. नूतनीकरणात खंड पडल्यास मात्र हे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ शकतात.

मोतीबिंदूचा दावा थोडे थांबल्यास मिळाला असता. मधुमेहाची चूक मात्र अधिक गंभीर आहे. उद्या हृदयविकाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर डॉक्टर केसपेपरवर ‘मधुमेह, ८ वर्षे’ अशी नोंद करतील. कंपनी ती नोंद अर्जाशी ताडून पाहते आणि माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारून पॉलिसीही रद्द करू शकते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीला ही हरकत घेता येत नाही. तथापि सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया किंवा केवळ तपासण्यांसाठी रुग्णालयात राहणे यांसारखे कायमचे अपवाद त्यानंतरही लागू राहतात.

म्हणून पॉलिसी हाती येताच तिच्यासोबतची अर्जाची प्रत प्रथम वाचावी. चुकीचे उत्तर आढळल्यास कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. अटी मान्य नसल्यास ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. सोबतच्या ग्राहक माहिती पत्रकात प्रतीक्षाकाळ व अपवाद थोडक्यात दिलेले असतात.

दावा नाकारला गेल्यास कोणत्या कलमान्वये नाकारला, हे लेखी मागावे. ते कलम पॉलिसीत शोधून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते.